सीपीआर चालू असताना कॅप्नोग्राफची रेषा सपाट झाली, तर आधी काय बघायचं?

रातपाळी
आयसीयू आणि कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांना विचारतोय. सीपीआर चालू आहे, नळी टाकली, फुगा भरला, अंबू आणि नळीच्या मध्ये कॅप्नोग्राफ जोडला आणि पडद्यावर सपाट रेषा. अशा वेळी "अरेस्टमध्ये CO2 येणार कुठून, रक्तच फिरत नाही" असं म्हणून पुढे जायला बरेच जण शिकवतात. मला हे पटत नाही. कॉम्प्रेशन चालू असतील तर बुटकी का होईना, टेकडी दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरायला हवं.

दुसरा प्रश्न याला जोडूनच. आधी नीट येणारी टेकडी मध्येच गायब झाली, तर दोष नळीत आहे, मशीनमध्ये की पेशंटमध्ये, हे कसं आणि कोणत्या क्रमाने ओळखता?

निळासागर
सपाट रेषा म्हणजे असिस्टोल. शॉक द्यायचा नाही. कॉम्प्रेशन चालू ठेवा, अ‍ॅड्रिनलिन दर 3 ते 5 मिनिटांनी. त्याआधी लीड सुटली नाही ना ते बघा आणि गेन वाढवून खात्री करा.

रातपाळी
निळासागर, इसीजीची रेषा नव्हे, CO2 ची म्हणतोय. पण "आधी जोडणी सुटली का बघा" हे इथेही लागू आहेच.

सोनचाफा
रक्तप्रवाहाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हं. CO2 पेशींत तयार होतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि मग बाहेर पडतो. मधला रक्तप्रवाह थांबला तर फुप्फुसात नवीन CO2 येणारच नाही. त्यामुळे अरेस्टमध्ये शून्य दिसणं स्वाभाविक आहे. अशा वेळी मी स्टेथोस्कोपवर जास्त भर देईन: दोन्ही बाजूंना हवा जाते का, पोटात गुडगुड होते का, नळीत वाफ दिसते का.

भूलवाला
सोनचाफा, तुमचं अर्धं बरोबर आहे. रक्तप्रवाह पूर्ण थांबला आणि कोणी छाती दाबतच नसेल, तर काही श्वासांत CO2 धुऊन निघेल आणि रेषा खाली येईल. पण "धुऊन निघेल" हा शब्द धरून ठेवा. हृदय थांबलं त्या क्षणी फुप्फुसात जो CO2 होता तो कुठेही गेलेला नसतो. नळी जागेवर असेल तर पहिल्या काही श्वासांत तो बाहेर यायलाच हवा. आणि कॉम्प्रेशन सुरू असतील तर थोडा का होईना रक्तप्रवाह आहे, म्हणजे नवीन CO2 येतोच आहे. बऱ्यापैकी सीपीआरमध्ये 10 ते 20 मिमी दिसतं, बेताच्या सीपीआरमध्ये 6-8. टेकडी बुटकी असते, माथा गोलसर असतो, पण ती असते.

म्हणून रातपाळी यांचं म्हणणं मला मान्य आहे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने "नो ट्रेस, राँग प्लेस" हे वाक्य मोहीम म्हणून चालवलं ते याच गैरसमजासाठी. रेषा नाही, तर जागा चुकली. अरेस्टमध्येसुद्धा.

वाफ आणि स्टेथोस्कोपबद्दल स्पष्टच सांगतो. अन्ननलिकेतल्या नळीतही वाफ दिसते. पोटातला आवाज छातीवर ऐकू येतो, विशेषतः लहान मुलांत आणि बारीक माणसांत. आणि कॉम्प्रेशन चालू असताना, अलार्म वाजत असताना नीट ऐकू येतं तरी कुठे? सपाट रेषेला उत्तर म्हणून या खुणा चालत नाहीत. उलट दिशेने चालतील. रेषा आली, तर मग दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते बघा, म्हणजे नळी उजव्या ब्राँकसमध्ये गेली का ते कळेल. ते मात्र कॅप्नोग्राफ सांगत नाही.

तालुका_ओटी
थोडं विषयांतर, पण टेकडीचंच आहे. आमच्याकडे बेन सर्किट आहे. पेशंट स्वतः श्वास घेतो तेव्हा खालची रेषा शून्यावर येत नाही, 6 वर लटकते. EtCO2 48-50 दिसतं. पेशंट 60 किलोचा, ऑक्सिजन आणि नायट्रस मिळून 5 लिटर चालू. मॉनिटरचं कॅलिब्रेशन गेलं असं टेक्निशियन म्हणतो. खरंय का?

भूलवाला
तालुका_ओटी, टेक्निशियनला तूर्त दोष देऊ नका. आधी नेहमीची टेकडी डोळ्यासमोर आणा. श्वास सोडायला सुरुवात होते तेव्हा पहिली हवा नळीतली आणि मोठ्या श्वासनलिकांतली असते. तिच्यात CO2 नसतो, म्हणून रेषा शून्यावरच राहते. मग फुप्फुसातली हवा मिसळायला लागली की रेषा जवळपास उभी चढते. त्यानंतर किंचित चढता माथा, आणि माथ्याचं शेवटचं टोक म्हणजे पडद्यावरचा EtCO2. श्वास आत घेतला की रेषा कडा उतरावा तशी थेट शून्यावर.

तुमची रेषा शून्यावर येत नाही म्हणजे आत जाणाऱ्या श्वासातच CO2 आहे. पेशंट स्वतः सोडलेली हवा परत घेतोय. बेनमध्ये पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर ताजा गॅस किलोला मिनिटाला निदान 150-200 मिलि लागतो. 60 किलोला 9 ते 12 लिटर. तुमचे 5 लिटर हे आपण हाताने श्वास देताना पुरणारे आहेत, तेव्हा किलोला 70 मिलिच्या आसपास चालतं. गॅस 10 लिटर करा आणि चार-सहा श्वास बघा. खालची रेषा शून्यावर आली तर प्रवाह कमी होता, विषय संपला.

गॅस वाढवूनही खाली आली नाही तर बेनची आतली नळी सुटली किंवा फाटली आहे का बघा, कारण मग अख्खी बाहेरची नळीच डेड स्पेस होते. पेशंटला सर्किट जोडण्याआधीची तपासणी सोपी आहे. पेशंटकडच्या टोकाला आतल्या नळीचं तोंड 2 मिलि सिरिंजच्या दांड्याने क्षणभर बंद करा. फ्लोमीटरचा बॉबिन खाली दबला तर आतली नळी शाबूत. दबला नाही तर ते सर्किट बाजूला ठेवा, वापरू नका.

बायोमेडचा_कट्टा
टेक्निशियनची बाजू मांडतो. कॅलिब्रेशन बिघडलं किंवा मोजणाऱ्या कप्प्यात पाणी शिरलं तर खालची रेषा आणि माथा दोन्ही एकदम वर उचलले जातात आणि टेकडीचा आकार बिघडतो. खरं रिब्रीदिंग बहुधा हळूहळू चढतं. पटकन ओळखायचं तर सॅम्पलिंग लाईन सर्किटपासून काढून खोलीच्या हवेत धरा. तिथेही 6 दाखवत असेल तर दोष मशीनचा. शून्य दाखवत असेल तर मशीन खरं बोलतंय.

सोनचाफा
सर्कल सिस्टीम असेल तर सोडा लाईम संपला का ते रंगावरून कळेलच ना?

भूलवाला
रंगावर पूर्ण विसंबू नका. संपलेला सोडा लाईम रात्रभर तसाच राहिला की रंग मागे फिरतो, सकाळी ताजा वाटतो आणि केस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात खालची रेषा उचलायला लागते. शिवाय काही कंपन्यांचा पांढऱ्याचा जांभळा होतो, काहींचा गुलाबीचा पांढरा. ओटीत दोन्ही प्रकार आले की घोटाळा ठरलेला. रेषेकडे बघा. ताजा गॅस मिनिटाला 8-10 लिटर केल्यावर खालची रेषा खाली आली तर बहुधा सोडा लाईम संपलाय. नाही आली तर उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह अडकलाय का ते उघडून बघा, काचेखालची चकती ओली होऊन एका बाजूला चिकटलेली दिसते. आत घेण्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर चित्र वेगळं: उतरणारी बाजू कड्यासारखी न राहता तिरपी घसरते. फक्त खालचा आकडा बघणाऱ्याच्या नजरेतून हे निसटतं.

मालवणी_मॅक
रिब्रीदिंग झालं, आता अडथळ्याचं कोणीतरी बोला. पुस्तकात त्याला शार्कचा पर म्हणतात. आमच्याकडे मोरी म्हणतात त्या माशाला, आणि तो पर ज्याने बाजारात पाहिलाय त्याला ही रेषा जन्मात विसरायला होणार नाही!

रातपाळी
मोरीचा पर! हे मी विद्यार्थ्यांना सांगणार. पण मॅक, अरेस्टमध्ये मोरी दिसते का?

मालवणी_मॅक
दिसते, दम्याच्या पेशंटचं हृदय परत सुरू झाल्यावर तर ठळक दिसते. कारण साधं आहे. अरुंद नळ्यांमधून हवा सावकाश आणि असमान बाहेर येते. मोकळ्या भागातली आधी, अडकलेल्या भागातली उशिरा. म्हणून उभा चढ तिरपा होतो, माथा सपाट न राहता शेवटपर्यंत चढतच राहतो.

इथे एक फसगत होते. माथा पूर्ण होण्याआधीच पुढचा श्वास दिला, तर पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. पडद्यावर 38 आणि रक्तात 65 असं होऊ शकतं. आकडा नॉर्मल बघून कोणी श्वासांची गती वाढवली की हवा आत साठत जाते आणि रक्तदाब पडतो. मोरी दिसली की गती कमी करा, श्वास सोडायला वेळ द्या, आणि रक्तातला CO2 एबीजीवरच बघा.

हिरवागार
मोरी म्हणजे ब्राँकोस्पाझम, डेरीफायलिन लावा.

मालवणी_मॅक
हिरवागार, थांबा जरा. वाकलेली नळी, चावलेली नळी, आत अडकलेला कफ, सगळ्यांची रेषा तशीच दिसते. औषधाआधी सक्शन कॅथेटर घाला. नळीच्या टोकापलीकडे सहज गेला तर नळी मोकळी आहे, मग छाती ऐका. मध्येच अडला तर तोंडात बघा, दात आवळलेत का. आणि व्हेंटिलेटरवर पीक प्रेशर वाढलंय पण प्लॅटो प्रेशर तेवढंच आहे, तर दोष हवेच्या वाटेत आहे, फुप्फुसाच्या लवचिकतेत नाही.

भूलवाला
यात एक पुरवणी, ती महत्त्वाची आहे. सक्शन कॅथेटर आत गेला म्हणजे नळी मोकळी, एवढंच सिद्ध होतं. नळी श्वासनलिकेत आहे हे सिद्ध होत नाही. अन्ननलिकेतही तो छान खाली जातो. सपाट रेषेच्या वेळी कॅथेटर गेला म्हणून कोणी निश्चिंत होऊ नका.

आता रातपाळींचा दुसरा प्रश्न. एक प्रसंग मांडतो, आकड्यांसकट. 70 किलोचा पुरुष, नळी ओठांशी 22 सेंमीवर, कॉम्प्रेशन मिनिटाला 110, श्वास मिनिटाला 10. EtCO2 14, 15, 16 असं येतंय. दर टेकडीच्या माथ्यावर छोटे दात दिसतात, ते कॉम्प्रेशनचे धक्के. या दातांना मॉनिटर श्वास समजतो आणि श्वासांची गती 30-40 दाखवतो, त्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. आठव्या मिनिटाला पेशंटला ट्रॉलीवरून बेडवर घेतलं. त्यानंतर 16, 0, 0.

सगळा उलगडा रेषा कशी गेली यात आहे. एका श्वासात 16 वरून शून्य झालं. रक्तप्रवाह कमी झाल्याने असं होत नाही. तसं असतं तर 16, 13, 10, 8 असं उतरत गेलं असतं. एकदम शून्य म्हणजे हवेची वाट तुटली: नळी निघाली, अंबू सुटला, नळी पूर्ण दुमडली, किंवा सॅम्पलिंग लाईन बंद झाली. म्हणून कॉम्प्रेशन न थांबवता एकाने श्वास देत छाती उचलते का आणि बॅग हाताला कशी लागते ते बघायचं. दुसऱ्याने अंबूपासून मॉनिटरपर्यंत लाईनवरून हात फिरवायचा आणि नळीचा आकडा वाचायचा. आकडा 22 चा 17 झाला असेल तर आणखी पुरावा कशाला हवा?

आकडा 22 च आहे, बॅगही मऊ आहे, तरी रेषा नाही? मग लाईन काढून तोंडासमोर धरून एक श्वास सोडा. काही सेकंदांत टेकडी आली तर मॉनिटर चांगला आहे आणि नळी गुन्हेगार आहे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हाताशी असेल तर एक नजर टाका. नसेल, किंवा नजरेने खात्री पटत नसेल, तर नळी काढा आणि मास्कने किंवा एलएमएने श्वास द्या. कॅप्नोग्राफ मास्कलाही जोडायचा, हे लोक विसरतात. मास्कवर टेकडी आली की उत्तर मिळालं.

बायोमेडचा_कट्टा
लाईनबद्दल जोडतो. साइडस्ट्रीम मशीन नळीतून मिनिटाला 50 ते 200 मिलि हवा ओढून घेतं, त्यामुळे पडद्यावरचं चित्र दोन-तीन सेकंद मागचं असतं. लाईन जोडल्या जोडल्या सपाट दिसलं म्हणून घाबरू नका, पण दोन-तीन श्वासांनंतरही सपाट असेल तर घाबरा. सीपीआरमध्ये लाईनमध्ये कफ, रक्त, उलटी शिरते. बहुतेक मशीन तेव्हा ऑक्लूजनचा निरोप दाखवतात आणि रेषा काढायचंच थांबवतात. वॉटर ट्रॅप भरला असला तरी तेच. क्रॅश कार्टवर एक जास्तीची लाईन आणि एक जास्तीचा ट्रॅप पाकिटात ठेवा. लाईन फुंकून साफ करत बसू नका, बदला.

मेनस्ट्रीम असेल तर हा उशीर नसतो, पण सेन्सर नळीवर बसतो, जड असतो आणि नळी ओढतो. त्याच्या खिडकीवर कफ बसला तरी रेषा बिघडते.

सोनचाफा
पटलं. पण नळी दोन्ही कॉर्डच्या मधून जाताना मी स्वतः पाहिली असेल आणि तरी रेषा सपाट असेल तर? डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की मशीनवर?

भूलवाला
मशीनवर, जोवर दुसरं कारण ठामपणे सापडत नाही तोवर. पाहिल्यावर स्टायलेट काढताना, फुगा भरताना, चिकटपट्टी लावताना नळी सरकते. शिवाय घाईत "पाहिली" म्हणजे बऱ्याचदा "पाहिल्यासारखं वाटलं" असतं.

2022 साली अन्ननलिकेतली नळी न ओळखली जाण्यावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत CO2 "टिकून आहे" असं कधी म्हणायचं ते ठरवलंय: निदान 7 श्वास, प्रत्येक श्वास सोडताना रेषा वर आणि घेताना खाली, टेकड्यांची उंची टिकलेली किंवा वाढती, आणि माथा खालच्या रेषेपेक्षा निदान 7.5 मिमी वर. सात कशासाठी? मास्कने श्वास देताना पोटात गेलेली हवा किंवा नुकतंच प्यायलेलं सोडावॉटर अन्ननलिकेतूनही दोन-चार टेकड्या दाखवतं. त्या झपाट्याने खुजट होत जातात. पण सात श्वास हे नळी बरोबर आहे असं मान्य करण्यासाठी आहेत. पूर्ण सपाट रेषेकडे सात श्वास बघत बसायचं नाही.

चाळीसगावकर
मला हे "शंका आली की काढा" सरसकट मान्य नाही. चेहऱ्याला मार, तोंडात रक्त, दोन प्रयत्नांनंतर गेलेली नळी. ती काढली आणि मास्कनेही हवा गेली नाही तर? बुजी घालून बघेन, फायबरऑप्टिक असेल तर कॅरिना बघेन, मगच काढेन.

भूलवाला
फायबरऑप्टिक किंवा अल्ट्रासाउंड लगेच हाताशी असेल तर नक्कीच. सूचनांमध्येही काढणं धोक्याचं असेल तर आधी दुसऱ्या मार्गाने खात्री करायला वाव आहे. पण तो शोध मिनिटभरात संपला पाहिजे. बुजीवर माझा एवढा भरवसा नाही, कॉम्प्रेशन चालू असताना कूर्चांची खडखड हाताला लागेल असं मी धरणार नाही.

चाळीसगावकर
बुजी 30-35 सेंमीच्या आसपास अडली तरी पुष्कळ कळतं. असो, इथे आपलं एकमत होणार नाही.

हिरवागार
EtCO2 10 च्या खाली गेला की सीपीआर थांबवायचा, असा नियम आहे ना?

रातपाळी
नाही हो, तो अर्धाच नियम लोकांच्या तोंडी बसलाय. नळी टाकलेल्या पेशंटमध्ये, 20 मिनिटांच्या चांगल्या सीपीआरनंतरही 10 च्या वर जात नसेल, तर इतर गोष्टींबरोबर विचारात घ्यायचा तो एक मुद्दा. एकट्या आकड्यावर थांबायचं नाही. पाचव्या मिनिटाला 8 दिसत असेल तर त्याचा अर्थ दाबणारा बदला, खोली 5-6 सेंमी होतेय का बघा, छाती पूर्ण वर येऊ द्या. माणूस बदलल्यावर 8 चे 14 होताना पडद्यावर दिसतात. आणि कोणी अंबू भराभर दाबत असेल तरी आकडा पडतो, तेव्हा श्वासही मोजा.

सोनचाफा
आणि एकदम वर गेला तर? 14 चे 38?

भूलवाला
हृदय सुरू झालं असण्याची दाट शक्यता. वर गेलेला आकडा पुढच्या श्वासांतही टिकला तर पल्स बघा. त्याआधी एक विचारा: आत्ता कोणी बायकार्ब दिलं का? त्याने CO2 तयार होतो, आकडा झटकन चढतो आणि थोड्या वेळात परत उतरतो. याउलट अ‍ॅड्रिनलिन दिल्यावर आकडा थोडा खाली येऊ शकतो, तेवढ्यावरून सीपीआर बिघडला असं समजू नका. म्हणून लिहिणाऱ्या सिस्टरांनी औषधाच्या वेळेशेजारीच EtCO2 लिहिला तर अर्धे वाद मिटतात.

तालुका_ओटी
गॅस 10 लिटर केला. खालची रेषा शून्यावर, EtCO2 41. आतली नळीही सिरिंजच्या दांड्याने तपासली, बॉबिन दबतो. अजून एक विचारतो. एचएमई फिल्टर लावला तर सॅम्पलिंग लाईन पेशंटच्या बाजूला जोडायची की मशीनच्या?

बायोमेडचा_कट्टा
मोठ्या माणसात फिल्टरच्या मशीनकडच्या पोर्टला जोडा, लाईनमध्ये पाणी आणि कफ कमी येतो.

मालवणी_मॅक
चार किलोच्या बाळात मात्र मी पेशंटच्या बाजूलाच घेते. छोट्या श्वासाला फिल्टरमधली हवा मिसळली की माथा बसतो आणि आकडा खोटा कमी येतो. लाईन ओली होते, दोनदा बदलावी लागते, तरी चालेल.